पीएच मीटरवर विश्वास कधी ठेवायचा?

मातीचा पीएच मोजण्याआधी मीटरचा इलेक्ट्रोड शुद्ध पाण्याने धुऊन पीएच ७ च्या बफरमध्ये बुडवतात. इथे मीटरने शून्य मिलिव्होल्ट दाखवायला हवेत. समजा १२ दिसले, तर तो ऑफसेट. साधारण ३० पर्यंत चालतो. पुन्हा धुऊन इलेक्ट्रोड पीएच ४ च्या बफरमध्ये ठेवला आणि १८० दिसले, तर फरक १६८ चा, म्हणजे दर एककाला ५६. हाच स्लोप. २५ अंश सेल्सिअसला तो ५९.१६ असावा, आपला सुमारे ९५ टक्के भरला, म्हणजे इलेक्ट्रोड ठीक. माती अल्कधर्मी असेल, तर पीएच १० चा तिसरा बफरही घ्यावा. स्लोप ९० टक्क्यांखाली घसरला, तर इलेक्ट्रोड साफ करून ताज्या बफरने पुन्हा तपासा. तरीही सुधारला नाही, तर इलेक्ट्रोड बदला.