रायगडचा वाटाड्या

गडावर माहिती सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ऐकणाऱ्यांच्या दमाचा अंदाज घेऊन ती सांगणारा वाटाड्या मला एकदाच, रायगडावर भेटला. आम्ही चौदा जण होतो. त्यांत सत्तरीच्या आत्याबाई, चार प्राथमिक शाळेतली पोरे आणि इतिहासाचे एक सेवानिवृत्त मास्तर. म्हणजे एकाला पुरे ते दुसऱ्याला अपुरे!

चित्त दरवाजापासून चढायला लागलो. पायऱ्या चौदाशेच्या वर. गृहस्थांनी वाटेत एकही सन सांगितला नाही. "धापा टाकणाऱ्याच्या कानात सन शिरत नाही," म्हणाले. पोरांना मात्र एक कोडे घातले: "गडावर हत्ती होते. या वाटेने ते चढले कसे, बघा बरं!" झाले, पोरे प्रत्येक वळण न्याहाळीत वर निघाली. स्वतः ते आत्याबाईंबरोबर सर्वांत मागे.

महादरवाजापाशी पुढची मंडळी केव्हाच पोचली होती, तरी बोलणे सुरू झाले नाही. आत्याबाई टेकल्या, पाणी प्याल्या, मग त्यांनी कमानीवरची दोन कमळे दाखविली. पुढच्यांसाठी आधी आरंभ केला, की मागून येणाऱ्याच्या वाट्याला नेहमी शेपूटच येते. शिवाय उन्हाकडे तोंड त्यांनी स्वतः केले. आमच्या पाठीशी ऊन.

गोष्ट मात्र त्यांनी सावलीसाठी राखली होती. हत्ती तलावाजवळ सगळे बसल्यावर हिरकणीची कथा निघाली. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, आणि ती गवळण अंधारात कडा उतरली! आत्याबाईंचे डोळे ओले झाले. तेवढ्यात एका चिरंजीवांनी विचारले, "हे खरं का हो?"

मास्तर सावरून बसले. (ते याच संधीची वाट पाहत असावेत.)

"लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत," गृहस्थ शांतपणे म्हणाले, "त्या वेळचा लेखी कागद मात्र मिळत नाही. बुरुज आहे, उतरण्यापूर्वी दाखवीन." मास्तरांनी मान डोलावली. पुढे बाजारपेठेत घोड्यावर बसून सौदा करण्याची कथाही त्यांनी अशीच, 'म्हणतात' हा शब्द लावून सांगितली. माझ्या मते खरी कसोटी इथेच असते. कथेतला रंग न घालवता तिच्यावर 'कथा' अशी चिठ्ठी लावणे सोपे नव्हे.

नगारखान्याशी पोरांना कोड्याची आठवण झाली. आता सगळ्यांचा दम परतला होता, तेव्हा सन बाहेर आला. 1674 साली राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. त्याने दाराशी दोन हत्ती पाहिले आणि असल्या बिकट वाटेने ते वर कसे आणले असतील, हे आपल्याला कळेना, असे लिहून ठेवले.

"म्हणजे त्यालाही कोडं सुटलं नाही!" पोरे खूष.

मग एका पोराला नगारखान्यात ठेवून आम्ही सिंहासनाच्या जागी गेलो. तिथून त्याने कागद टरकावला. तो आवाज आम्हांला स्पष्ट ऐकू आला. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "अरे, वही नको रे फाडूस!"