बोर्ड पुन्हा पुन्हा चालू होतो, तेव्हा

पाण्याच्या टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारा ईएसपी३२ बोर्ड घेऊन एक विद्यार्थी माझ्याकडे आला. वायफाय जोडताना बोर्ड बंद पडायचा आणि स्वतःच पुन्हा सुरू व्हायचा. त्याने दोन दिवस प्रोग्राम उलटसुलट करून पाहिला होता. पण अपुरी वीज, अपुरी मेमरी किंवा अडकलेला प्रोग्राम, कारण कोणतेही असो, बाहेरून बोर्ड सारखाच वागतो. म्हणून अंदाज बांधण्याआधी चिपलाच विचारावे. मागचा रीसेट कशामुळे झाला, याची नोंद तिच्यात असते. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ही ओळ घालायची:

```c
printf("reset: %d\n", esp_reset_reason());
```

पडद्यावर 9 आला. 9 म्हणजे ब्राउनआउट, वीजदाब धोक्याच्या पातळीखाली गेला. मल्टिमीटर मात्र 3.3 व्होल्ट स्थिर दाखवत होता. वायफाय संदेश पाठवताना प्रवाह क्षणभरच उसळतो आणि मल्टिमीटर तेवढा चपळ नसतो. ऑसिलोस्कोप लावल्यावर खड्डा स्पष्ट दिसला. दोष लांब, बारीक यूएसबी केबलचा होता. आखूड जाड केबल घेतली, बोर्डाच्या 3.3 व्होल्ट पिनजवळ 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि 9 येणे थांबले. काहीजण ब्राउनआउटची तपासणीच प्रोग्राममधून बंद करतात. तसे करू नका. कमी दाबात चिप चुकीची आज्ञा पाळू शकते, फ्लॅशमधली माहितीही बिघडू शकते.

पण तासाभराने बोर्ड पुन्हा सुरू झाला. आता आकडा होता 4, म्हणजे पॅनिक. त्याला बरीच कारणे असतात, म्हणून त्याच्या आधीच्या ओळी वाचाव्या लागतात. तिथे `stack overflow in task` असे लिहिले होते. प्रत्येक टास्कला तात्पुरत्या गोष्टी ठेवायला ठरावीक जागा मिळते, तिला स्टॅक म्हणतात. इथे ती 2048 बाइट होती आणि संदेश जुळवणाऱ्या फंक्शनने 1024 बाइटचा बफर तिच्यातच मांडला होता. उरलेली जागा `printf` आणि इतर फंक्शन्सनी खाल्ली. नेटवर्कवरून मोठे उत्तर आले, की स्टॅक ओसंडायचा, म्हणून चूक तासाभराने दिसली. बफर बाहेर काढला, स्टॅक 4096 केला आणि `uxTaskGetStackHighWaterMark()` ने पाहिले: सर्वांत जास्त वापराच्या क्षणीही हजाराहून अधिक बाइट मोकळे होते. हा आकडा शून्याजवळ असेल, तर बोर्ड आज चालतोय याला अर्थ नाही.

आकडा 5, 6 किंवा 7 असता, तर ते वॉचडॉगचे काम. प्रोग्राम ठरलेल्या वेळेत हजेरी देत नाही, तेव्हा तो रीसेट करतो. बहुधा सेन्सरच्या उत्तराची वाट पाहणारा, मुदत नसलेला लूप सापडतो. वॉचडॉगची वेळ वाढवू नका, लूपला मुदत घाला.

बोर्ड महिनाभर चालू आहे. ती ओळ मात्र प्रोग्राममध्ये तशीच ठेवली आहे, तुम्हीही ठेवा.