काउंटरवर मिळणारी मोठी खोली

गोव्यातल्या चाळीस-पन्नास खोल्यांच्या हॉटेलात दुपारी दोनची चेक-इनची गर्दी सुरू होण्याआधी फ्रंट ऑफिस मॅनेजर त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी काढतो. अपग्रेड कोणाला विचारायचं हे खरं तर तिथेच ठरतं. कंपनीच्या खर्चाने आलेल्याला विचारून उपयोग नाही. जास्तीचं बिल त्याच्या खिशावर पडणार. रात्री अकराला येऊन पहाटे विमान पकडणाऱ्याला बाल्कनीचं काय कौतुक? नेहमीच्या सभासदाला जे फुकट देणं हॉटेलने कबूल केलंय, ते त्यालाच विकणं तर सरळ लबाडी. उरतात ते दोन-तीन रात्री राहणारे, खोलीत निवांत बसणारे लोक.

समजा, पुण्याहून एक वयस्कर जोडपं तीन रात्रींसाठी आलंय. खोली रोजची ६,५०० रुपयांची, पहिल्या मजल्यावर. बागेकडे बाल्कनी असलेल्या खोल्यांपैकी चार तिन्ही रात्री रिकाम्या आहेत आणि आता त्या पूर्ण दराने जाण्याची शक्यता नाही. फरक किती सांगावा? १,५०० म्हटलं तर दर ८,००० होतो, आणि इथे जीएसटी आडवा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्यावर १८ टक्के. म्हणजे ६,८२५ ऐवजी रोज ९,४४० रुपये. तोंडाने १,५०० सांगितलं तरी बिलात २,६१५ वाढतात आणि शेवटच्या दिवशी काउंटरवर भांडण होतं. त्याऐवजी फरक ९०० ठेवला, तर दर ७,४०० राहतो आणि करासकट रोज फक्त ९४५ रुपये जास्त पडतात. जाणता मॅनेजर हाच आकडा निवडतो.

मग बोलणं. ‘अपग्रेड हवंय का?’ असं विचारलं की ‘नको’ हेच उत्तर येतं. ‘काकू, बुकिंगमध्ये तुम्ही शांत खोली मागितली होती. बागेच्या बाजूला बाल्कनीची खोली आज देता येईल. करासकट रोजचे ९४५ रुपये जास्त. आधी बघून घेता का?’ एवढं पुरतं. मूळ खोलीला नावं ठेवायची नाहीत, कारण नकार आला तर तीच किल्ली हातात द्यायची असते. मागे रांग असेल तर आवाज खाली हवा. मुलं सोबत असतील, तर त्यांच्यादेखत ‘पूलसमोरची खोली’ म्हणूच नये; आईबापांना नाही म्हणणं अवघड होतं. आणि काकूंना जिना चढवत नसेल, तर त्याच दराची तळमजल्यावरची खोली आधी शोधावी. पाहुण्याची अडचण विकायची नसते.

एकदा नाही म्हटलं की विषय संपला पाहिजे. दुसऱ्यांदा विचारलं तर पाहुण्याला घेतलेली खोलीच कमी वाटू लागते.

तुम्हाला कधी अशी खोली देऊ केली, तर दोनच गोष्टी विचारा: करासकट रोजचे किती, आणि हा दर सगळ्या रात्रींसाठी आहे का? उत्तर नोंदणी कार्डावर लिहून घ्या, मगच सही करा.