परदेशी चेक परत आला, चिठ्ठी काय म्हणते?

सावंतवाडीच्या एका दुकानदाराने लाकडी खेळण्यांचा माल अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाला पाठवला होता. बदल्यात 1,200 डॉलरचा चेक आला, बँकेने तो वसुलीला पाठवला, खात्यात रुपयेही जमा झाले. थोड्या दिवसांनी तेच रुपये खात्यातून वजा झाले आणि हातात एक चिठ्ठी पडली. सोबत चेकची झेरॉक्स. त्यांचा पहिला प्रश्न साहजिकच होता, "आमचा खरा चेक हरवलात की काय?"

चेक हरवला नव्हता. अमेरिकेत 2004 पासून मूळ चेकऐवजी त्याची ठरावीक नमुन्यात छापलेली प्रत बँकांमध्ये फिरू शकते. ही कायदेशीर प्रत आहे आणि मूळ चेकसारखीच वापरता येते, असं वाक्य तिच्यावर छापलेलं असतं. म्हणून ती फेकायची नाही, जपून ठेवायची.

आता कारण. चिठ्ठीवर होतं 'रेफर टू मेकर', म्हणजे 'चेक लिहिणाऱ्यालाच विचारा'. ब्रिटनमध्ये हेच 'रेफर टू ड्रॉवर' होतं. बँक खरं कारण सांगत नाही. खात्यात पैसे नसतील, चेकच बनावट असेल, किंवा आणखी काही. 'एनएसएफ' लिहिलं असेल तर शिल्लक कमी, हे उघड आहे. 'अनकलेक्टेड फंड्स' म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे भरलेत, पण ते अजून वटलेले नाहीत. अशा वेळी चेक पुन्हा लावून पाहता येतो. 'रेफर टू मेकर'वर मात्र आधी गिऱ्हाईकाला गाठावं. बँक ड्राफ्टचं वेगळं. तो बँकेने स्वतःवरच काढलेला असतो, त्यामुळे शिल्लक कमी हे कारण सहसा येत नाही. त्यावर 'काउंटरफिट' असेल, तर त्या बँकेने तो काढलेलाच नाही.

"पण पैसे तर जमा झाले होते ना, साहेब?" झाले होते, पण उसने. पलीकडच्या बँकेकडून पैसे पक्के होण्याआधीच ती रक्कम दिलेली होती, आणि चेक परतला की ती परत घेण्याची अट त्यातच होती.

त्यात दराचाही फटका बसतो. समजा, जमा करताना बँकेने खरेदीचा दर 84 रुपये धरला, तर 1,00,800 रुपये जमा झाले. परत घेताना विक्रीचा दर लागतो. तो 86 असेल, तर वजा होतात 1,03,200. न मिळालेल्या पैशांपायी 2,400 रुपये गेले, बँकेचं शुल्क वेगळं.

म्हणून चेक भरतानाच काउंटरवर विचारावं, "ही जमा कच्ची की पक्की?" पक्की म्हणेपर्यंत माल गोदामातच राहू द्यावा.