पायऱ्या पुसण्याची किंमत

पडद्यावरची तिरकी रेष चौकोनी पिक्सेलांनी बनते, म्हणून तिच्या काठाला पायऱ्या दिसतात. मल्टीसॅम्पलिंग म्हणजे एमएसएए प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन, चार किंवा आठ बिंदू तपासते. चारपैकी तीन बिंदू तारेने झाकले असतील, तर पिक्सेलला पाऊण रंग तारेचा आणि पाव आकाशाचा मिळतो. रंगाची महागडी आकडेमोड मात्र प्रत्येक आकृतीसाठी पिक्सेलमागे एकदाच होते. काठ रेखीव राहतो. खर्च पडतो तो मेमरीवर. 1920 × 1080 च्या चित्रात रंग आणि खोलीसाठी बिंदूमागे 8 बाइट धरले, तर सुमारे 16.6 एमबीचे चार बिंदूंना 66 एमबी होतात. डिफर्ड पद्धतीच्या खेळांत पिक्सेलमागे आणखी बरीच माहिती साठवावी लागते, तिथे हा गुणाकार परवडत नाही. शिवाय ओल्या रस्त्यावरची चमचम काठावर नसून पृष्ठभागाच्या आत असते. तिला एमएसएए हातच लावत नाही.

टेम्पोरल पद्धत, टीएए, बिंदू एकच घेते, पण दर फ्रेमला तो किंचित सरकवते आणि साधारण दहा टक्के नवे चित्र नव्वद टक्के जुन्यात मिसळते. त्यामुळे चमचमही शमते, तीही स्वस्तात. मोल द्यावे लागते ते स्पष्टतेचे. कॅमेरा वळताच जुने चित्र गतीच्या नोंदीनुसार सरकवावे लागते, त्यात बारीक पोत विरघळतो. नोंद चुकली तर धावणाऱ्या पात्रामागे सावलीसारखी शेपटी उरते. ओळखणे सोपे आहे: कॅमेरा स्थिर असताना रेखीव दिसणारे गवत वळताना मऊ पडते.