पंखा बदलावा, पण कोणता आणि कधी? बीएलडीसी आणि साध्या पंख्याचा घरगुती हिशोब

गेले काही महिने आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. बीएलडीसी पंखा घेतला तर बिल खरंच कमी येतं का? दुकानदार म्हणतो निम्मं होईल, शेजारी म्हणतो काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात. तसं का होतं, ते आज आपण कोनमधल्या एका छोट्या घराचा हिशोब मांडून बघू.

कोनच का? इथल्या ज्या घरांची गिरणी कामगारांसाठी म्हाडाने 2016 मध्ये सोडत काढली, ती घरं 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून झालेली, 320 चौरस फुटांची. अशा घरात एसी बहुतेक नसतो. फ्रीज, टीव्ही, दिवे आणि दोन पंखे. त्यातला बाहेरच्या खोलीतला पंखा पनवेलच्या दमट हवेत जवळजवळ बंदच होत नाही. म्हणजे अशा घराच्या बिलात पंख्याचा वाटा मोठा असतो.

आधी फरक थोडक्यात समजून घेऊ. साध्या पंख्याच्या मोटारीत फिरणाऱ्या भागात स्वतःचं चुंबक नसतं. तिथे वीज खर्च करून चुंबकत्व तयार करावं लागतं आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. तासभर चाललेला जुना पंखा बंद करून, तो थांबल्यावर मधल्या वाटीला हात लावून बघा, चांगली गरम लागते. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात कायमचं चुंबकच बसवलेलं असतं आणि आतली छोटी सर्किट प्लेट ठरावीक क्रमाने वेटोळ्यांना वीज देते. म्हणून तेवढ्याच वाऱ्याला जुना पंखा 70 ते 80 वॅट घेतो, तर बीएलडीसी 28 ते 35.

पण तुमचा पंखा नेमके किती वॅट घेतो, हे खोक्यावर वाचू नका, मीटरवर मोजा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी imp/kWh असं लिहिलेलं असतं. समजा तिथे 3200 आहे. म्हणजे 3200 वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचं बटणसुद्धा, आणि फक्त एक पंखा फुल्ल सोडा. आता दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. हिशोब असा:

वॅट = 3600000 ÷ (मीटरवरचा आकडा × सेकंद)

15 सेकंदांनी लुकलुकला तर 75 वॅट. 37-38 सेकंदांनी लुकलुकला तर 30 वॅट. एकदाच मोजू नका, पाच-सहा लुकलुकींची सरासरी घ्या. पंखा नेहमी ज्या नंबरवर चालतो, त्या नंबरवरही मोजा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल आणि तुम्ही पंखा कायम दोनवर ठेवत असाल, तर जुना पंखाही 75 पेक्षा कमीच घेत असतो. मग बचतही तेवढी होणार नाही. रेग्युलेटर जुन्या मोठ्या डब्याचा असेल, तर मात्र पंखा हळू केल्यावर वाचायला हवी ती वीज बरीचशी त्या डब्याच्या गरमीत जाते.

आता बिलाकडे येऊ. शेजाऱ्याचं आणि दुकानदाराचं भांडण इथेच मिटतं. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटला वहन आकार धरून 5 रुपये 88 पैसे आणि 101 ते 300 ला 11 रुपये 46 पैसे असा दर होता. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराच्या आतलं युनिट साधारण 6 रुपये 80 पैशांना, आणि शंभराच्या वरचं 13 रुपये 30 पैशांना पडत होतं. दर बदलत राहतात, तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या. पण पायरी असते, हे लक्षात ठेवा. युनिट वाचतं ते नेहमी वरच्या पायरीवरून वाचतं.

समजा आपल्या या घराचा महिन्याचा वापर 118 युनिट आहे. बाहेरचा पंखा 75 वॅटचा, रोज 16 तास चालतो. त्याजागी 30 वॅटचा आला तर 45 वॅट वाचले. 45 गुणिले 16 तास गुणिले 30 दिवस, म्हणजे 21.6 युनिट. त्यातली 18 महागड्या पायरीवरची आणि उरलेली 3.6 स्वस्त पायरीवरची. एकूण सुमारे 264 रुपये महिन्याला. पंखा 3000 चा धरला तर वापराच्या साधारण साडेअकरा महिन्यांत पैसे वसूल.

हुरूप येऊन आपण स्वयंपाकघरातलाही बदलला. तो रोज चार तास चालतो. बचत 5.4 युनिट. आणि आता बिल शंभराच्या खाली आलेलं आहे, म्हणून ही सगळी युनिटं स्वस्त पायरीवरची. हाती आले 37 रुपये. तोच 3000 चा पंखा इथे वसूल व्हायला पावणेसात वर्षं लागतील! पंखा तोच, घर तेच, फरक फक्त तासांचा आणि पायरीचा. आणि हो, स्थिर आकार कोणताही पंखा लावून कमी होत नाही.

एका काकूंनी चांगलं विचारलं, की जुना पंखा जळालाच असेल तर? मग हिशोब बदलतो. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे आज मिळणारा साधा एक स्टारचा पंखाही साधारण 52 वॅटचा असतो. तुलना 75 शी नाही, 52 शी करायची. आणि पैसेही पूर्ण 3000 नाही, दोन्हीतला फरकच धरायचा, समजा 1400. बाहेरच्या खोलीत, बिल शंभराच्या वर असेल तर, साडेदहा युनिट म्हणजे महिना 140 रुपये, दहा महिन्यांत फिटले. स्वयंपाकघरात महिना 18 रुपये, तिथे साधाच लावा.

पण पंखा हळू फिरतो म्हणून तो बदलायला निघू नका. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो शंभरेक रुपयांत गल्लीतला वायरमन बदलून देतो. बीएलडीसीची खरी अडचण उलट बाजूला आहे. सर्किट प्लेट गेली तर ती त्याच कंपनीची लागते, आणि वॉरंटी संपल्यावर वसूल झालेले पैसे तिथेच जाऊ शकतात. म्हणून विकत घेताना वॉरंटी मोटारीवर किती आणि प्लेटवर किती, हे वेगवेगळं विचारा. दुसरं म्हणजे हा पंखा जुन्या रेग्युलेटरमधून चालवायचा नाही. रेग्युलेटर काढून थेट बटणावर जोडून घ्या, नाहीतर प्लेट लवकर जाते.

तेव्हा घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. बिलावर युनिट शंभराच्या वर आहेत की खाली ते बघा, आणि कोणता पंखा किती तास चालतो ते लिहा. सर्वांत जास्त चालणारा एक पंखा आधी बदला. पुढचं बिल आलं की दुसऱ्याचं ठरवा.