टीव्हीवर अक्षरं पुसट का दिसतात?

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की सिनेमा झकास दिसतो. एक्सेलची शीट उघडली की मात्र अक्षरांच्या कडा फिसकटतात. टीव्ही खराब नसतो आणि केबलही धडधाकट असते. बहुतेक वेळा लॅपटॉपने पाठवलेला एक पिक्सेल पडद्यावरच्या नेमक्या एका पिक्सेलवर बसत नाही, एवढंच झालेलं असतं.

याचं मूळ पिक्चर ट्यूबच्या काळात आहे. ट्यूबवर चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या चौकटीआड दडवत. हाच ओव्हरस्कॅन. ट्यूब गेली, पण अनेक सपाट टीव्ही अजूनही ही सवय पाळतात.

फुल एचडी टीव्ही घेऊ. पडदा १९२०×१०८० पिक्सेलचा, लॅपटॉपही तेवढेच पाठवतो. ओव्हरस्कॅन पाच टक्के असेल, तर टीव्ही मधला १८२४×१०२६ एवढाच भाग उचलतो आणि ताणून पडदाभर पसरवतो. ‘क’चा एक पिक्सेल जाडीचा उभा दंड आता दोन पिक्सेलमध्ये विभागून करडा होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: टास्कबारची कड कापली जाते. टीव्हीच्या पिक्चर मेनूत Just Scan किंवा Screen Fit असा पर्याय असतो. तो निवडला की ताणणं थांबतं.

लॅपटॉपच्या बाजूने Windows+P दाबून Extend निवडावं. Duplicate ठेवलं तर लॅपटॉपच्या लहान पडद्याचंच रिझोल्यूशन टीव्हीच्या माथी बसू शकतं. मग Display settings मध्ये टीव्ही निवडून Display resolution पडद्याच्या मूळ आकड्याइतकं करावं. अक्षरं बारीक वाटली, तर रिझोल्यूशन कमी न करता Scale १२५ किंवा १५० टक्के करावं. रिझोल्यूशन कमी केलं की तयार चित्र ताणलं जातं. Scale वाढवलं की बहुतेक प्रोग्रॅम अक्षरं नव्याने, मोठ्या आकारात रेखतात. काही जुने प्रोग्रॅम मात्र तरीही पुसटच राहतात.

एवढं करूनही पांढऱ्यावरचं काळं स्पष्ट आणि निळ्यावरचं लाल फरफटलेलं दिसत असेल, तर कारण वेगळं. व्हिडिओत जागा वाचवण्यासाठी शेजारच्या पिक्सेलमध्ये एकच रंग वाटून देतात. चेहऱ्यावर ते कळत नाही, बारीक अक्षरावर लगेच कळतं. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीच्या इनपुट यादीत त्या एचडीएमआय पोर्टला PC हे नाव देणं. बऱ्याच टीव्हींवर त्याने प्रत्येक पिक्सेलचा रंग स्वतंत्र राहतो. शार्पनेसही उतरवावा, कारण तो अक्षराभोवती पांढरी कड काढतो.

‘एचडी रेडी’ टीव्हीपुढे मात्र हात टेकावे लागतात. त्याचा पडदा बहुधा १३६६×७६८चा असतो, पण एचडीएमआयवर तो पुष्कळदा ७२० किंवा १०८० ओळींचंच चित्र मागतो. दोन्हींत त्याला चित्र ताणावं किंवा आकसावं लागतंच. तिथे Scale वाढवून अक्षरं वाचण्याजोगी होतात, धारदार होत नाहीत.